घंटीला सेल आहे

आमच्या घरात इंटरनेटचा चोर शिरला आहे, असं ह्यांनी जाहीर केलं तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होते. मला वाटलं, हे पेपरातलं काहीतरी वाचून दाखवतायत. पण ह्यांचे डोळे फोनवर होते आणि चेहरा असा, की गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात एखादा वाल्व गळत असल्याचं कळलंय.

"हे बघ," म्हणाले. "राउटरच्या ॲपमध्ये यादी येते. तुझा फोन, माझा फोन, टीव्ही, प्रिंटर, कॉम्प्युटर, हॉलमधला तो रंगीत बल्ब. आणि हा कोण?"

मी बघितलं. ई, एस, पी, मग एक रेघ आणि पुढे आकडे-अक्षरांची खिचडी. शेवटी सात, एक, बी, चार. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तर ते नाव गायब.

"बघ, पळाला," हे म्हणाले. "असाच करतो. क्षणभर येतो आणि जातो."

नवरा कारखान्यात देखभाल विभागात होता. निवृत्त झाल्यापासून देखभालीला घर उरलंय आणि घरात मी. श्रीकांत हे नाव असलेला माणूस इतका संशयी असू शकतो हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळी परागला फोन लागला. पराग आमचा मुलगा, पुण्यात असतो, कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, पासवर्ड काय आहे?"

"माझं नाव आणि जन्मसाल."

पलीकडून पराग म्हणाला, "आणि कुणाकुणाला सांगितलाय?"

ह्यांनी आठवायला सुरुवात केली. वरचा भाडेकरू जितेंद्र. त्याच्याकडे आलेले पाहुणे. एसीवाला. सत्यनारायणाला आलेली समोरची मुलं. हे थांबेनात तेव्हा परागच म्हणाला, "म्हणजे आपल्या अख्ख्या साकेत नगरला. बदला तो. आणि आता नाव-गावाचा नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. लांब हवा, पण तोंडाने सांगता आला पाहिजे. आणि शब्द तुम्ही मनाने निवडू नका. माणूस मनाने निवडतो ते दुसऱ्यालाही सुचतं. चिठ्ठ्या टाका, डिक्शनरी उघडा, काहीही करा."

त्याला ट्रेन पकडायची होती. घाईघाईत आणखी सांगितलं, की नेटवर्कचं नाव तेच ठेवा, राउटरला तार लावलेल्या कॉम्प्युटरवरून बदल करा म्हणजे मध्येच तुटायचं नाही, आणि मग घरातल्या प्रत्येक वस्तूला नवा पासवर्ड द्यावा लागेल. "स्क्रीन नसलेल्या वस्तू विसरू नका," हे त्याचं शेवटचं वाक्य. त्यावर ह्यांनी "बल्ब आणि प्रिंटर, माहितीये" असं म्हटलं आणि फोन ठेवला. प्रिंटरला इवलासा स्क्रीन आहे, पण ते असो.

ह्यांनी त्याला शटडाऊन असं नाव दिलं. कारखान्यात वर्षातून एकदा सगळं बंद करून देखभाल करायचे, तो शब्द. रविवारी सकाळी शटडाऊन. तोवर घरभर फिरून प्रत्येक वस्तूसमोर उभं राहून, ही नेट खाते की नाही, असं मला विचारायचं. मिक्सरसमोरसुद्धा थांबले होते. मी म्हटलं, हा फक्त वीज आणि माझं डोकं खातो.

शब्द काढायचं काम आईंकडे गेलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, कमलिनीबाई. अंगणापलीकडच्या मागच्या खोलीत राहतात. त्यांचा स्वतःचा गॅस, स्वतःचं दार, स्वतःची कडी. मागच्या वर्षी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा नागपूरहून माझी नणंद मृणाल आली आणि म्हणाली, आता आईला आत मधल्या खोलीत आणा, नाहीतर मी घेऊन जाते. आई म्हणाल्या, माझ्या दाराची कडी मी लावीन. पुष्कळ दिवस हे चाललं. शेवटी परागने तोडगा काढला. दिवाळीत येऊन त्याने आईंच्या गळ्यात एक बटण अडकवलं. दाबलं की माझा आणि त्याचा फोन भोंगा वाजवतो. मृणालने अट घातली, की ही घंटी एकदा जरी चुकली, तर आई आतल्या खोलीत. आईंनी हात पुढे करून ते कबूल केलं, अगदी सौदा करावा तसं.

आम्ही सगळे त्याला घंटीच म्हणतो. आईंची घंटी. एवढंच लक्षात ठेवा.

तर आईंचा जाडजूड मराठी शब्दकोश नागपूरहून त्यांच्याबरोबर आलेला आहे. शनिवारी दुपारी त्यांनी डोळे मिटले, पान उघडलं, बोट ठेवलं. असं चार वेळा केलं. निघालं ते असं: गवंडी, पाचोळा, झारी, वरवंटा.

"वा," मी म्हटलं. "हे तर एखाद्या बायकोच्या तक्रारीसारखं वाटतंय."

"लक्षात राहील म्हणजे झालं," आई म्हणाल्या. मग ह्यांच्याकडे बघत विचारलं, "आणि श्री, माझ्या घंटीचं काय? तिला नको का सांगायला?"

हे शब्द पाठ करत होते. "घंटीला सेल आहे, आई. सेलवर चालते ती. तिला काही लागत नाही."

आईंनी मान हलवली. मीही हलवली. सेलवर चालणाऱ्या वस्तूला आणखी काय लागणार, मलाही तसंच वाटलं, आणि दारावरच्या घंटीला कुठे कोण पासवर्ड विचारतं.

रविवारी शटडाऊन झालं. ह्यांनी आधी सगळं देवनागरीत टाइप केलं, ते राउटरला पसंत पडलं नाही. मग इंग्रजी अक्षरांत टाकलं, मध्ये रेघा दिल्या, बटण दाबलं, आणि घरातला टीव्ही, फोन, बल्ब, सगळे एकदम अनाथ झाले. हे प्रसन्न होते. म्हणाले, "आता एकेकाला आत घे. शब्द तुला माहितीयेत."

शब्द मला माहीत होते. मी फोनवर टाइप केले. चुकीचा पासवर्ड. पुन्हा केले. चुकीचा. फोन नवा घेतच नाही, की जुनाच पासवर्ड धरून बसलाय, काही कळेना. शेवटी कळलं, की फोनला आधी हे नेटवर्क विसरायला सांगायचं असतं आणि मग नव्याने ओळख करून द्यायची. विसरायला लावलं. नव्याने सांगितलं. तरी चुकीचा.

वरून जितेंद्र उतरला. "आंटीजी, नेट नहीं चल रहा." ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो आपल्याच चपलांकडे बघू लागला. चोरीचा पहिला संशय त्याच्यावर होता, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला चारही शब्द सांगितले. तो म्हणाला, "गवंडी मतलब?" मी म्हटलं, मिस्त्री. त्याने मिस्त्री टाइप केलं.

दुपारपर्यंत ह्यांचा फोन आणि कॉम्प्युटर सोडून घरात काहीही आत आलं नव्हतं. मी टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर टिपून टाकत होते, आणि रिमोटने अक्षरं टिपणं म्हणजे सुईने तांदूळ निवडणं. तेव्हा हे माझ्यामागे येऊन उभे राहिले.

"हे काय? डब्ल्यू?"

"गवंडीतला व."

"गवंडीला व्ही!"

"मी वर्ध्याची आहे," मी म्हटलं. "आमच्या गावाच्या पाटीवर, स्टेशनवर, माझ्या दाखल्यावर, व म्हणजे डब्ल्यू. वैजू तेवढं तुमच्याकडे आल्यावर लोक व्हीने लिहायला लागले."

"आणि झारीला झेड?"

"झारी म्हणून बघा. झेड येतो की जे-एच?"

ह्यांनी म्हणून बघितलं. दोनदा. मग पाचोळ्यातल्या पा-ला एक ए की दोन, ह्यावरून आमचं जे झालं ते जितेंद्रने जिन्यावरून ऐकलं. एकाच घरात, एकाच भाषेत, चार शब्दांचे इतके पासवर्ड होतात हे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. चूक कुणाची होती हे मला अजूनही कळलेलं नाही. शब्द तोंडाने सांगता यायला हवे, एवढंच आम्ही बघितलं होतं. ते लिहितात कसे, हे सांगायचं राहिलं.

शेवटी ठरलं. सगळीकडे व्ही, सगळीकडे एकच ए, झारीला जे-एच. कॅपिटल कुठेही नाही. मी वर्ध्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि टाइप केलं. फोन आत आला, टीव्ही आत आला, जितेंद्र आत आला. प्रिंटरने त्याच्या इवल्या स्क्रीनवर माझ्या नाकी नऊ आणले, पण आला. रंगीत बल्ब चालू-बंद, चालू-बंद करत डोळे मिचकावायला लागेपर्यंत छळावा लागला, मग तोही आला.

रात्री जेवताना हे म्हणाले, "चोर पुन्हा आलेला नाही."

सोमवारी सकाळी म्हणाले, "नाहीच."

मंगळवारी सकाळी तर न्यू मार्केटमधून जिलेबी आणली. कशाबद्दल विचारलं तर म्हणाले, शटडाऊन यशस्वी. मी एका वाटीत घालून आईंना देऊन आले. त्या शब्दकोडं सोडवत होत्या. मला म्हणाल्या, "झारीचा आणखी एक अर्थ सापडलाय, सांगेन दुपारी." मी घाईत होते.

दुपारी जेवणं आटोपली, हे आडवे झाले, मी हॉलमध्ये टीव्हीशी झगडत बसले, कारण तो मधूनच विचारत होता तुम्ही कोण. फोन माझ्या मांडीवर होता. पूर्ण आवाज. एकदाही वाजला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे पुष्कळ दिवस मला तो फोन उघडून बघावासा वाटत राहिला, की वाजला होता आणि मी ऐकला नाही का.

मग मला झारीचा तो दुसरा अर्थ आठवला. उगीच. टीव्हीचा कंटाळा आला होता, एवढंच. मी अंगण ओलांडून गेले आणि दार लोटलं. दुपारी कडी लावत नाहीत.

आई पलंगाच्या कडेला जमिनीवर बसल्या होत्या. पाठ पलंगाला टेकलेली, एक पाय वाकडा, लुगड्याचा काठ ओला. पाण्याचा तांब्या कोपऱ्यात लवंडला होता. चेहरा पांढराफटक, पण शांत. गळ्यातलं बटण त्यांनी दोन्ही हातांत धरलं होतं आणि अंगठ्याने दाबत होत्या. दाबलं की त्यातला दिवा थोडा वेळ लाल लुकलुकायचा आणि विझायचा.

"आलीस," म्हणाल्या. "म्हटलं, झोप लागली असेल तुमची."

मी त्यांच्यापाशी गेले. मी खाली बसले. "किती वेळ झाला, आई?"

"ऊन त्या पेटीवर होतं तेव्हा." ऊन आता पार भिंतीवर चढलेलं होतं. "मोडलं नाहीये. हलवून बघितलं. उठता येत नाही, इतकंच. दाबतेय मी. कुणी येत नाही. मग मला वाटलं..."

"काय?"

"काही नाही." त्या बटणाकडे बघत राहिल्या. "वाटलं, बंद केलंत. रोज काहीतरी होतं म्हाताऱ्या माणसाचं. कुठवर येणार लोक."

मला रडू आलं आणि राग आला, आणि राग कुणावर ते कळेना. मी हाक मारली तशी आयुष्यात कधी मारली नव्हती. हे धावत आले, मागून जितेंद्रही उतरला, आणि तिघांनी मिळून आईंना पलंगावर बसवलं. जितेंद्र कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी पाय वाकवून, सरळ करून बघितला, मुका मार म्हणाले, उद्या फोटो काढून घ्या म्हणाले. जितेंद्र त्यांना सोडायला गेला. जाताना ह्यांनी त्याचा हात उगाचच धरला आणि तो बुचकळ्यात पडला.

मग हे बटण घेऊन खिडकीशी गेले. "सेल तर ठीक आहे. दिवा लागतोय. मग वाजली का नाही?" दाबत होते, बघत होते, माझ्या फोनकडे बघत होते. गप्प फोन. ह्यांनी बटण उलटं केलं. मागे एक बारीक कागद चिकटवलेला होता. ह्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि ते थांबलेच.

"वैजू," म्हणाले. "इकडे ये."

कागदावर आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ होती. शेवटी सात, एक, बी, चार.

मला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. चोराचा नंबर आईंच्या घंटीवर कसा, असंच मनात आलं, कुणी चिकटवला? ह्यांच्या चेहऱ्याकडे बघितल्यावर कळलं.

परागला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात सांगितलं. ती घंटी वायफायवरच चालते. सेल फक्त तिला जागं करायला. एरवी ती झोपलेली असते, मधूनमधून उठून सेल किती उरलाय ते कळवते आणि परत झोपते. म्हणून यादीत क्षणभर दिसायची. "आणि झोपलेली आहे की तुटलेली आहे, ते ॲपला कळत नाही, बाबा. मला सुद्धा काही दिसलं नाही. मीच म्हणायला हवं होतं, आजीचं बटण. मी म्हटलं स्क्रीन नसलेल्या वस्तू."

"आम्ही तिला वस्तू म्हणतच नाही," मी म्हटलं. "घंटी म्हणतो."

आई पलंगावरून सगळं ऐकत होत्या. जिलेबीची वाटी तशीच उशाशी होती.

"म्हणजे श्री," त्या म्हणाल्या, "जो चोर तू हाकललास, ती मी होते."

ह्यांनी चष्मा काढला. बायकोशी वाद घालणारा माणूस आईसमोर किती लहान होतो ते मी बघितलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आईंच्या पायाशी बसले.

परागने फोनवरून सांगितलं तसं आम्ही केलं. बटण दाबून धरलं, लाल गेला, निळा लुकलुकायला लागला. माझ्या फोनवर ॲपने नेटवर्क विचारलं, पासवर्ड विचारला. मी टाइप केला. थोडा वेळ निळा, मग पुन्हा लाल. पुन्हा केला. लाल. मला आतून वाटायला लागलं, की ही घंटी आता आम्हाला घरात घेणारच नाही.

"काय लिहितेस ते म्हण," आई म्हणाल्या.

मी एकेक अक्षर म्हणत गेले. जी, ए, डब्ल्यू...

"व्ही, वैजू. वर्धा माहेरी ठेव."

व्ही टाकला. निळा स्थिर झाला. आईंनी हात पुढे केला, बटण घेतलं आणि दाबलं. माझ्या हातातला फोन असा किंचाळला, की मी तो जवळजवळ फेकला. पलीकडे पुण्यात परागचाही वाजला, तो आम्हाला फोनमधून ऐकू आला. आईंनी आणखी एकदा दाबलं. मग आणखी एकदा. आम्ही कुणी त्यांना थांबवलं नाही.

मग त्यांनी ते पदरात गुंडाळलं. "मृणालला सांगाल," म्हणाल्या. प्रश्न नव्हता. "एकदा जरी चुकली, असं ठरलं होतं. मी हात दिला होता." आवाज खडखडीत होता, पण त्या दाराकडे बघत होत्या, कडीकडे.

मला वाटत होतं, नका सांगू. कोण सांगणार आहे? जितेंद्र मृणालला ओळखतही नाही. पण मग वाटलं, उद्या पुन्हा काही झालं तर? खरंच आत आणावं का त्यांना? मला काहीही धड ठरवता येईना. माझ्या मनात दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर होत्या आणि दोन्हींचा मला राग येत होता.

ह्यांनी फोन उचलला. मृणालचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला.

"मृणाल, आई आज पडली. बरी आहे. ऐक आधी. घंटी चुकली नाही. घंटी वाजवत होती ती. मी घराचं कुलूप बदललं, सगळ्यांना नवी किल्ली दिली, टीव्हीला दिली, बल्बला दिली, वरच्या जितेंद्रला दिली. आईला द्यायची राहिली. तिने विचारलं होतं, तरी राहिली. चूक माझी आहे. कुणावर लक्ष ठेवायचंच असेल तर मी इथे मागच्या खोलीत राहायला येतो आणि ती माझ्यावर लक्ष ठेवेल."

पलीकडे मृणाल रडत होती का रागावली होती ते कळलं नाही. ती म्हणाली, आईशी बोलते. आईंनी फोन कानाला लावला, स्पीकर असून लावला. बराच वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "रोज सकाळी दाबीन. नाही वाजली तर वैजू येईल. चालेल?" थोडं थांबून, "बरं," म्हणाल्या आणि फोन मला परत दिला. कडीचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण रात्री अंगणातून ती लागल्याचा आवाज आला.

त्याआधी ह्यांनी राउटरच्या यादीत त्या ई-एस-पीचं नाव बदललं होतं. आई असं लिहायचं होतं. इंग्रजीत ते दोन ए आणि एक आय, की एक ए आणि दोन ई, ह्यावर आमचं पुन्हा झालं. मी म्हटलं, तुम्हाला हवं ते लिहा, ओळखता आली म्हणजे पुरे.

सकाळी मी चहाचं आधण ठेवलं आणि फोन किंचाळला. मी गॅस सोडून धावले, मग आठवलं. हॉलमधून ह्यांचा आवाज आला, यादीवर डोळे ठेवूनच. "चोर आला."

मी मागचं दार उघडलं. आई उंबऱ्यावर काठी टेकून उभ्या होत्या, बटण हातात.

"ऐकलं मी," म्हणाल्या. "त्याला सांग, चोराचा चहा बिनसाखरेचा."